‘कोट घातलेला’ म्हणजे नेमका कसा? कंटिन्युइटी लिहिताना या चुका टाळा

‘नाना – काळा कोट, मफलर, धोतर.’

शॉटला शॉट जुळावा म्हणून ठेवलेल्या माझ्या कंटिन्युइटीच्या जुन्या वहीतली ही नोंद आहे. अक्षर सुंदर, खाली तारीख, बाजूला सीन नंबर. आणि तरीही तिचा कवडीचा उपयोग झाला नाही, कारण त्यात कोट कुठला आहे ते लिहिलंय, तो अंगावर कसा आहे ते लिहिलेलं नाही. गेली काही वर्षं जळगाव-धुळ्याकडे अहिराणी गाण्यांच्या, मालिकांच्या शूटिंगवर मी नव्या पोरांच्या वह्या तपासतो, आणि दर दुसऱ्या वहीत मला हीच नोंद सापडते. ‘कोट घातलेला.’ ‘ब्लेझर – निळा.’ अरे भो, निळा आहे हे कॅमेऱ्याला दिसतंय. एडिटरला विचारायचंय ते वेगळंच.

कोट अंगावर तीन तऱ्हांनी असतो. बटणं लावून बंद, बटणं सोडून उघडा, किंवा बाह्यांत हात न घालता नुसता खांद्यावर टाकलेला. तिन्हींत माणसाची बाह्यरेषा बदलते, हात कुठून बाहेर येतो ते बदलतं आणि आतला सदरा किती दिसतो तेही बदलतं. त्यामुळे एका शॉटमध्ये एक तऱ्हा आणि लगेच पुढच्या शॉटमध्ये दुसरी आली, तर कट डोळ्याला टोचतो.

चूक पहिली: तिन्ही तऱ्हांना एकच शब्द

आता त्या नोंदीची गोष्ट ऐका. यावलजवळ केळीच्या बागेच्या कडेला सीन २२. जानेवारीची रात्र, शेकोटी पेटलेली, एका बाजूला भरताची वांगी भाजताहेत. नाना खाटेवर बसलेत, सदऱ्यावर काळा कोट नुसता खांद्यावर टाकलेला, बाह्या रिकाम्या लोंबताहेत. रात्री पाण्याची पाळी धरायला गेलेला आपल्याकडचा म्हातारा जसा बसतो, अगदी तसे. मुलगा सुरतेहून येतो. त्याच्या अंगात दोन बटणांचा कोट, वरचं बटण लावलेलं.

कधी आलास म्हणून नाना विचारतात, “कव्हय उना रे?”

“आतेच उनू.”

थोडं इकडचं तिकडचं बोलणं होतं. मग नाना कोटाखालून हात बाहेर काढतात, मुठीत चुरगळलेल्या नोटा, आणि म्हणतात, “हाई ले.” मुलगा म्हणतो, “माले नको, नाना.” संपला सीन. सगळी मजा त्या हातात होती.

पहिल्या रात्री आम्ही अख्ख्या सीनचा मास्टर घेतला, मग मुलाच्या पाठीवरून नानांवर सजेशन, मग नानांच्या पाठीवरून मुलावर, मग मुलाचा क्लोज. तोवर पहाट झाली आणि नानांचा क्लोज राहिला. तो राहिलेला शॉट, म्हणजे पॅच, लागला तीन आठवड्यांनी. मी त्या दिवशी दुसऱ्या युनिटवर होतो, माझी वही तेवढी गेली होती. ड्रेसदादांनी वहीत वाचलं, ‘काळा कोट, मफलर, धोतर’, आणि तिन्ही वस्तू काढून दिल्या. नाना सभ्य माणूस. कोट दिला की बाह्यांत हात घालायचे, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. त्यांनी कोट नीट घातला, कॉलर सरळ केली आणि क्लोज दिला. काय दिला! नोटा धरलेला हात छातीपर्यंत येतो आणि बोटं किंचित थरथरतात. सेटवर सगळे गप्प झाले म्हणे.

चार दिवसांनी एडिटरचा फोन. “मास्टरमध्ये नानांचा हात कोटाच्या कडेखालून येतोय, उघड्या मनगटासकट. क्लोजमध्ये तोच हात काळ्या बाहीतून येतोय. कट कुठं मारू?”

कुठंच मारता आला नाही. आधी त्याने फ्रेम वाढवून बघितली. शूट ४के होतं, कामाची टाइमलाइन एचडी, त्यामुळे दुपटीपर्यंत वाढवायला जागा होती. दुप्पट केल्यावर कोटाचे खांदे बाहेर गेले आणि नुसता चेहरा उरला, पण त्याबरोबर हातही गेला. शेवटी ‘हाई ले’ हा आवाज मुलाच्या क्लोजवर टाकला, नोटा सजेशनमध्ये लांबून दाखवल्या, आणि तो थरथरता हात हार्ड डिस्कमध्ये राहिला तो राहिलाच. एका शब्दाची नोंद लिहिली असती तर तो आज सीनमध्ये असता.

यातून मी माझ्यापुरती एक सवय लावून घेतली. कोटाच्या नावापुढे रंग लिहायच्या आधी तीनपैकी एक शब्द लिहायचा: बंद, उघडा किंवा खांद्यावर. त्यानंतर बाह्यांत हात आहेत की नाहीत. त्यानंतर, आणि हेच बहुतेक जण विसरतात, तऱ्हा बदलत असेल तर ती *कुठल्या शब्दावर* बदलते. त्याच सीनची नोंद आज मी अशी लिहीन:

> सीन २२, शॉट १, टेक ३ ओके.
> नाना: कोट खांद्यावर, हात बाह्यांबाहेर. मफलरची दोन्ही टोकं कोटाच्या आत.
> ‘हाई’ म्हणायच्या आधी उजवा हात कोटाच्या कडेखालून बाहेर. ‘ले’ वर कोट उजव्या खांद्यावरून चार बोटं घसरतो.
> शेवट: उजवा खांदा उघडा, कोट सावरलेला नाही.
> मुलगा: कोट बंद, वरचं बटण. बसताना सोडतो.

पाचच ओळी आहेत, पण ड्रेसदादांनी त्या वाचल्या तर नाना बाह्यांत हात घालू शकत नाहीत, आणि एडिटरला कळतं की ‘हाई’च्या आधी हात हलायला लागतो, म्हणजे मास्टरमधून क्लोजवर जायचं तर त्या हालचालीवरच जायचं. हालचाल चालू असताना मारलेला कट प्रेक्षकाला जाणवत नाही, मात्र त्यासाठी तीच हालचाल दोन्ही शॉटमध्ये, त्याच शब्दावर, पूर्ण झालेली लागते. म्हणून क्लोज घेताना मी नटाला ‘कव्हय उना’पासून नाही, तरी निदान हात आत असल्यापासून सुरू करायला सांगतो. थेट हात बाहेर काढलेल्या स्थितीत ॲक्शन म्हटलं की दोन मिनिटं वाचतात, आणि एडिटरचा एक अख्खा दिवस जातो. घाई असलेल्या दिग्दर्शकांना हे पटत नाही. त्यांना मी वही दाखवतो आणि गप्प उभा राहतो.

खांद्यावरचा कोट आपोआप हलतो

बंद कोट बंद राहतो. खांद्यावर टाकलेला कोट नट श्वास घेतो तसा सरकतो. पहिल्या टेकला कॉलर मानेला चिकटलेली असते, चौथ्या टेकला ती पाठीवर दोन बोटं उतरलेली असते, आणि नटाला पत्ताही नसतो. त्यामुळे ‘खांद्यावर’ एवढं लिहूनही भागत नाही. कॉलर मानेला लागून आहे की खाली, आणि खांद्याची शिवण नटाच्या खांद्याच्या किती बाहेर लोंबते, हे दोन मुद्दे बघून घ्यायचे.

माझा उपाय साधा आहे. कॉलरच्या आतल्या बाजूने एक आणि डाव्या खांद्यावर एक अशा दोन सेफ्टी पिना सदऱ्याला लावायच्या. उजवा खांदा ‘ले’ वर घसरायचा आहे, तर तिथे पिन नाही. एकदा एका उत्साही पोराने दोन्ही खांद्यांना पिना मारल्या. नानांनी हात काढला आणि कोट घसरायच्या ऐवजी सदराच ओढला गेला. पिन कुठे आहे हेही वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी कोट धुवायला, इस्त्रीला जातो आणि पिना काढून डब्यात पडतात.

आता यालाही मर्यादा आहे, तीही सांगतो, नाहीतर नवीन पोरं प्रत्येक फ्रेमला पट्टी लावत बसतात. हनुवटीपासून कपाळापर्यंतचा घट्ट क्लोज असेल, तर कोट घातलेला की टाकलेला हे जवळजवळ कळतच नाही. कॉलर काय दिसते तेवढी. छातीपर्यंतच्या फ्रेमपासून पुढे मात्र सगळं उघडं पडतं. टाकलेल्या कोटाच्या समोरच्या दोन्ही पट्ट्या फाकून राहतात, खांदे रुंद दिसतात. घातलेल्या कोटाच्या पट्ट्या छातीवर सरळ उतरतात. म्हणून मी आधी कॅमेरामनला विचारतो, “दादा, खाली कुठवर?” मगच किती बारीक लिहायचं ते ठरवतो.

पाठमोरा माणूस कोण बघतंय? कॅमेरा बघतोय

सजेशन लागलं की नवखा मुलगा ज्याचा चेहरा दिसतोय त्याचीच नोंद करतो. पण नानांच्या पाठीवरून मुलावर कॅमेरा असताना फ्रेमचा चांगला तिसरा हिस्सा नानांच्या कोटाने भरलेला असतो. रिकामी बाही त्यात लोंबताना स्पष्ट दिसते. आमच्या त्या सीनमध्ये नाना या सजेशनच्या वेळी थंडीने गारठून हात बाह्यांत घालून बसले होते, ‘मी कुठे दिसतोय’ म्हणून. सुदैवाने टेक सुरू व्हायच्या आधी शेकोटीच्या उजेडात बाही भरलेली दिसली. कॅमेऱ्याकडे पाठ असलेल्या माणसाचा कोट आधी तपासा.

चूक दुसरी: ‘बटण उघडं’

कुठलं?

दोन बटणांच्या कोटात रीत अशी, की वरचं लावायचं, खालचं सोडायचं. पण आपल्याकडे लग्नाच्या सीनमध्ये नवरदेवाला आत्याने, मामाने, शेजाऱ्याने, ज्याच्या हाताला लागेल त्याने कोट लावून दिलेला असतो. दोन्ही लावलेली असतात, कधी फक्त खालचंच. फक्त खालचं लावलं की पोटावर कोट ओढला जातो आणि छातीपाशी पोकळी सुटते. फक्त वरचं लावलं की खाली उलटा ‘व्ही’ दिसतो आणि शर्टाचा त्रिकोण डोकावतो. फोटो न बघता ‘बटण लावलेलं’ एवढ्यावर दुसऱ्या दिवशी कोट चढवला, तर चूक होण्याचीच शक्यता जास्त. मी वरून मोजतो: एक, दोन, तीन. ‘बंद १’ म्हणजे वरचं तेवढं लावलेलं. ‘बंद १-२’ म्हणजे दोन्ही. ‘अर्धा उघडा’ हा शब्द माझ्या वहीत चालत नाही, कारण कुणाचा अर्धा कुठे संपतो ते कुणालाच ठाऊक नसतं.

बटण सुटतं कसं, ते लक्षात ठेवलं तर निम्मं काम होतं. नट खाली बसला की सुटतं. आमच्या भरताच्या सीनमध्ये मुलगा पंगतीला मांडी घालून बसतो, तिथे बंद कोटात बसताच येत नाही. मेच्या जळगावात हिवाळ्याचा सीन चालू असला, पारा पंचेचाळीसच्या आसपास, की ‘कट’चा ‘क’ कानावर पडताच सगळी बटणं सुटतात. आणि तिसरं कारण कुणाच्या डोक्यात येत नाही: साउंडवाला. कॉलर माइक आत लपवायला किंवा त्याची बॅटरी बदलायला तो कोट उघडतो, काम झालं की आपल्या मनाने लावून देतो. तो माणूस आवाजाचा. त्याच्या लेखी बटण म्हणजे खरखर. माइकवाल्याचा हात नटाच्या कोटाला लागला की मी उठून बघतो. ही सवय मोडायची नाही.

याच सीनमध्ये मुलाच्या बटणाने जे केलं ते वेगळंच. पॅचच्या दिवशी मुलाचाही एक क्लोज नव्याने घेतला होता, त्यात त्याची नजर चुकली. नाना जिकडे बसलेत त्याच्या उलट्या बाजूला बघतोय. एडिटरने पटकन शॉट आरशासारखा उलटवला. नजर बरोबर झाली, सगळे खूश. मी रफ कट बघायला बसलो आणि म्हटलं, याचा कोट बाईचा कधी झाला?

पुरुषाच्या कोटाला बटणं घालणाऱ्याच्या उजव्या बाजूला असतात, काजं डाव्या बाजूला, म्हणजे लावल्यावर डावा पदर वर येतो. छातीवरचा खिसाही डावीकडे. बायकांच्या कोटाला बहुधा याच्या उलट असतं. शॉट उलटवला की बंद कोटाचा पदर उजवीकडून वर येतो आणि खिसा उजव्या छातीवर जातो. अगदी दर्जी नसला तरी प्रेक्षकाला ‘काहीतरी उलटंय’ असं वाटतं, नेमकं काय ते सांगता येत नाही एवढंच. कोट उघडा असेल तर फक्त खिसा लपवावा लागतो. खांद्यावर टाकलेला असेल आणि पट्ट्या फाकलेल्या असतील, तर बरेचदा निभावतं. म्हणजे ‘बंद’ हा शब्द नोंदीत असला की एडिटरला आधीच कळतं की हा शॉट उलटवायचा नाही. त्या क्लोजचं काय केलं? कापून टाकला, आणि पहिल्या रात्रीचा जुना क्लोज वापरला.

फोटो आहे ना मग!

फोटो आहे. पण कधी काढलेला? ‘कट’ झाल्यावर. तोवर नटाने बटण सोडलेलं असतं आणि तुम्ही मोठ्या इमानाने चुकीचा पुरावा जपून ठेवता. टेक ओके झाला की मी ओरडतो, “हलू नका!” मग फोटो. निदान दोन हवेत, शॉटच्या सुरुवातीचा आणि शेवटचा, कारण पुढचा शॉट या शेवटाला जोडायचा असतो. मॉनिटरवरून काढला तरी चालतो, उलट बरा. फ्रेममध्ये काय आहे तेच येतं.

सेल्फी कॅमेऱ्याने तर काढूच नका. कित्येक फोनमध्ये सेल्फी उलटी साठते, आणि वर सांगितलेला डाव्या-उजव्याचा सगळा घोळ तुमच्या फोनमध्येच तयार होतो. आणि फोटोचं नाव सीनचं ठेवा. ग्रुपवर टाकलेले दोनशे फोटो, त्यात केळीचे घड, कुणाचा तरी वाढदिवस आणि मधेच नानांचा कोट. पॅचच्या दिवशी सापडत नाही तो नाहीच.

फोटो वहीऐवजी नाही, वहीच्या जोडीला. ‘ले’ वर कोट घसरतो, हे फोटोत कसं दिसणार?

थोडक्यात सांगता येतील अशा

डावं-उजवं नटाचं लिहा, कॅमेऱ्याचं नको. वहीच्या पहिल्या पानावर हे एकदा लिहून ठेवा.

नटाच्या आठवणीवर जाऊ नका. ‘मी उघडाच होता, शंभर टक्के’ असं सांगणारे नट मी खूप पाहिलेत. बिचारे खोटं बोलत नाहीत, त्यांना त्या वेळी संवाद आठवत असतात.

सीन ज्या क्रमाने शूट होतो त्या क्रमाने कोट जुळवू नका. सीन २१ मध्ये मुलगा बांधावरून चालत येतो आणि २२ मध्ये शेकोटीपाशी पोचतो, दोन्हींत मध्ये वेळ गेलेला नाही. २१ जर महिन्याने, बागेच्या दुसऱ्या टोकाला घ्यायचा असेल, तरी त्याचा शेवट ‘बंद १’ च असला पाहिजे. मी शूटिंगच्या आधीच संहितेवर अशा जोड्यांना पेन्सिलने कंस घालतो. मध्ये रात्र, जेवण, प्रवास गेला असेल तर कंस नाही. तिथे कोट हवा तसा बदला, कुणी विचारणार नाही.

‘प्रेक्षकाला काय कळतंय!’ हे म्हणणाऱ्याशी वाद घालू नका. त्याला कळत नाही हे खरं आहे. एडिटरला कळतं.

आणि कधी कधी जुळत नसलेला टेकच दिग्दर्शकाला हवा असतो, कारण अभिनय त्यात आहे. घेऊ दे. आपण तेवढं लिहायचं: ‘टेक ५, नाना उत्तम, पण कोट बाह्यांत. मास्टरला जुळणार नाही.’ ही ओळ सेटवरच दिग्दर्शकाच्या कानावर घालायची. त्याला वाटलं तर खाट हलायच्या आधी तो अजून एक टेक घेईल. नाहीच वाटलं तर मध्ये टाकायला भाजणारी वांगी, शेकोटी, मुलाचे हात असे दोन शॉट घेऊन ठेवेल.

एक राहिलंच. कोट काढून ठेवला तर तोही लिहा. आमच्या सीनच्या शेवटी मुलगा कोट काढून खाटेच्या पायथ्याशी टाकतो. अस्तर वर की खाली, बाही जमिनीला लागलीय की नाही, एवढं मी लिहिलं होतं. पॅचच्या दिवशी ड्रेसदादांनी वही वाचून तो कोट अगदी तसाच ठेवला. आणि शेजारी बसलेल्या नानांनी आपला कोट नीट बाह्यांत हात घालून चढवला.